घड्याळ रोज किती सेकंद चुकलं तर चालतं?

बाहेर पाऊस आहे, तरी एवढे लोक आलात, म्हणजे मनगटावरच्या घड्याळाबद्दल अजून आस्था आहे असं समजायला हरकत नाही. आम्ही भाईंदरला दोन पिढ्या घड्याळदुरुस्तीचं काम करतो. दुकानात दिवसातून चार वेळा तरी एकच प्रश्न येतो, तोच आजचा विषय आहे : "हे घड्याळ मागे पडतं, बिघडलंय का?"

या प्रश्नावर आमचा उलटा प्रश्न ठरलेला असतो. किती मागे पडतं? किती दिवसांत? आणि पूर्वीपासून पडतं की हल्लीच पडायला लागलं? बहुतेकांकडे पहिल्या प्रश्नाचंच उत्तर नसतं. "बरंच पडतं" असं सांगतात. हे बरंच म्हणजे रोजचे वीस सेकंद असतील तर चावीच्या घड्याळाच्या बाबतीत आम्ही चहा पाजून परत पाठवतो. सेलच्या घड्याळाच्या बाबतीत तेच वीस सेकंद म्हणजे नक्की काहीतरी झालेलं असतं. आकडा एकच, पण एक निरोगी आणि दुसरं आजारी. असं का, ते आधी बघू.

एका दिवसात ८६,४०० सेकंद असतात. हा आकडा लक्षात ठेवा, कारण सगळा हिशेब त्याच्याशी आहे. घड्याळ दिवसाला वीस सेकंद चुकलं म्हणजे त्याने ८६,४०० पैकी ८६,३८० सेकंद बरोबर मोजले. बाजारातल्या तराजूच्या भाषेत बोलायचं तर एक किलो कांद्यात पाव ग्रॅमचीही चूक नाही. इतका प्रामाणिक काटा भाईंदरच्या भाजीबाजारात कोणाकडे आहे ते तुम्हीच सांगा. आणि हे काम करणारी वस्तू म्हणजे केसासारखी बारीक स्प्रिंग बसवलेलं एक छोटं चाक. ते उलटसुलट झोके घेतं. जुन्या चावीच्या घड्याळांत ते साधारणपणे सेकंदाला पाच ठोके देतं, दिवसाला चार लाख बत्तीस हजार. तुम्ही हात हलवता, लोकलमध्ये दांडीला लोंबकळता, रात्री घड्याळ टेबलावर आडवं ठेवता, प्रत्येक वेळी गुरुत्वाकर्षण त्या चाकावर वेगळ्या बाजूने काम करतं. सकाळी चावी भरलेली असते तेव्हा झोका मोठा असतो, दुसऱ्या दिवशी पहाटे तो लहान झालेला असतो. झोका लहानमोठा झाला तरी वेळ तोच लागावा अशी रचना केलेली असते, पण ती शंभर टक्के साधत नाही.

सेलच्या घड्याळात, म्हणजे क्वार्ट्झमध्ये, हे काम स्फटिकाचा एक छोटा चिमटा करतो. वीज दिली की तो सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. हा आकडा विचित्र वाटतो, पण त्याला पंधरा वेळा निम्मा करत गेलं की बरोबर एक उरतो, म्हणून तो निवडलेला आहे. आतलं सर्किट तेवढंच करतं आणि दर सेकंदाला एका चिमुकल्या मोटरला एक टिचकी मारतं. ती मोटर काटा एक घर पुढे ढकलते. हात कसाही धरा, आडवा ठेवा, उभा ठेवा, स्फटिकाला त्याचं फारसं काही वाटत नाही. त्याला जाणवतं ते मुख्यतः तापमान.

आता आकडे सांगतो. साध्या क्वार्ट्झ घड्याळाच्या कागदावर बहुतेक वेळा महिन्याला पंधरा किंवा वीस सेकंद कमीजास्त असं लिहिलेलं असतं. म्हणजे रोज अर्धा सेकंद, फार तर त्याहून जरासं जास्त. चावीच्या आणि ऑटोमॅटिक घड्याळाचा हिशेब महिन्याचा नसून दिवसाचा असतो. सेको फाइव्हसारख्या लोकप्रिय जपानी ऑटोमॅटिकच्या पुस्तिकेत कंपनी स्वतःच सांगते की रोज ४५ सेकंद पुढे ते ३५ सेकंद मागे एवढं चालायचंच. बऱ्याच घड्याळांत बसणाऱ्या मियोटाच्या ऑटोमॅटिक मशीनला ४० पुढे ते २० मागे अशी मुभा असते. आणि स्वित्झर्लंडमध्ये पंधरा दिवस, पाच स्थितींत आणि तीन तापमानांत तपासून ज्याला क्रोनोमीटरचा दाखला मिळतो, त्यालासुद्धा रोज सरासरी ६ सेकंद पुढे ते ४ सेकंद मागे एवढी सूट आहे. म्हणजे लाखो रुपयांचं क्रोनोमीटरही रस्त्यावर मिळणाऱ्या सेलच्या घड्याळापुढे महिन्याच्या हिशेबात हरू शकतं. हे ऐकून काही गिऱ्हाइकं आमच्यावरच रागावतात.

पण आज आम्हाला खरं सांगायचंय ते आकड्यांच्या पलीकडचं आहे. घड्याळ किती चुकतं याहून ते कसं चुकतं हे जास्त बोलकं असतं. रोज नेमाने २५ सेकंद पुढे जाणारं घड्याळ तब्येतीने ठणठणीत असतं. ते आत जरासं फिरवून दोन-पाच सेकंदांवर आणता येतं. आज ५ पुढे, उद्या २० मागे, परवा १२ पुढे असं करणारं घड्याळ सरासरीने अगदी बरोबर दिसेल, पण त्याच्या आत काहीतरी बिघडायला लागलेलं असतं. याचं एक उदाहरण सविस्तर सांगतो.

आमच्या ओळखीचे एक आजोबा आहेत, रेल्वेतून निवृत्त झालेले, भाईंदर पश्चिमेला राहतात. त्यांच्याकडे लग्नात सासरकडून मिळालेलं एचएमटी जनता आहे. एचएमटीने १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळुरात घड्याळं बनवायला सुरुवात केली, आणि त्यानंतरच्या कित्येक वर्षांत महाराष्ट्रातल्या अर्ध्याअधिक जावयांच्या मनगटावर ती चढली. २०१६ मध्ये सरकारने हा घड्याळाचा कारखाना बंद करायचं ठरवलं. तेव्हापासून सुटा भाग हवा असेल तर दुसऱ्या जुन्या घड्याळातून काढावा लागतो. आजोबांचं घड्याळ वर्षानुवर्षं बिनतक्रार चाललं. मग एका उन्हाळ्यात ते रोज पाच मिनिटं पुढे जायला लागलं. त्यांनी ते जवळच्या एका दुकानात दिलं. तिथे ते उघडून वेग कमी करून दिलं, तरी ते रोज पावणेदोन-दोन मिनिटं पुढे जातच राहिलं. दुसऱ्या खेपेला त्या दुकानदाराने सांगितलं, "मशीन संपलंय, आतलं सेलचं मशीन टाकून देतो, डायल तीच ठेवतो." आजोबांनी होकार दिला नाही, आणि घड्याळ रुमालात गुंडाळून आमच्याकडे आले.

आमच्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं? पहिली गोष्ट, रोज पाच मिनिटं पुढे जाणं ही झिजेची खूण नाही. झिजलेलं, तेल सुकलेलं घड्याळ सहसा दमतं, लहरी होतं, थांबतं. अचानक मिनिटांच्या हिशेबात पुढे पळायला लागलं की पहिला संशय चुंबकाचा. ती केसासारखी स्प्रिंग पोलादाच्या जातीची असते. चुंबकत्व चढलं की तिची वेटोळी एकमेकांना ओढतात, कधी चिकटतात. स्प्रिंगची कामाची लांबी कमी होते, आणि आखूड दोरीचा झोपाळा जसा भराभर हलतो तसं चाक भराभर हलायला लागतं. हे ओळखायला एक साधा होकायंत्र पुरतो, शाळेच्या कंपासपेटीबरोबर मिळतो तसला. घड्याळ त्याच्याजवळ हळू फिरवायचं. सुई घड्याळामागे ओढली जात असेल, किंवा घड्याळाच्या ठोक्याबरोबर थरथरत असेल, तर चुंबकत्व आहे. आजोबांच्या घड्याळाने सुई चांगलीच ओढली.

मग चौकशी केली, रात्री घड्याळ कुठे ठेवता? नातवाने नवा ब्लूटूथ स्पीकर आणला होता, तो पलंगाजवळ होता आणि घड्याळ त्याच्यावर ठेवायची सवय लागली होती. स्पीकरमध्ये चुंबक असतोच. मोबाईलच्या कव्हरला, पर्सच्या टिचकबटनाला, फ्रिजच्या दारालाही असतो. आम्ही मशीनवर घड्याळाचं चुंबकत्व काढलं. हे काम अर्ध्या मिनिटाचं आहे.

आणि त्यानंतर काय झालं? घड्याळ रोज तीन मिनिटं वीस सेकंद मागे पडायला लागलं. आजोबांचा चेहरा पडला. पण हिशेब करून पाहा. चुंबकामुळे घड्याळ रोज पाच मिनिटं पुढे जात होतं. पहिल्या दुकानदाराने कारण न शोधता आतली तरफ हलवून वेग तीन मिनिटं दहा सेकंदांनी कमी केला, म्हणून फरक एक मिनिट पन्नास सेकंदांवर आला. आम्ही चुंबक काढला तेव्हा चुंबकामुळे आलेला वेग गेला, पण मुद्दाम कमी केलेला वेग तसाच राहिला. म्हणून तीन मिनिटं वीस सेकंद मागे. त्यातून दुकानदाराची तीन मिनिटं दहा सेकंद वजा करा, उरतात फक्त दहा सेकंद मागे. म्हणजे घड्याळ मुळात रोज दहा सेकंद मागे पडणारं, उत्तम होतं. बिघाड झाला होता तो स्पीकरमुळे, आणि वरून दुरुस्तीमुळे. म्हणून आमच्याकडे नियम आहे, होकायंत्राला दाखवल्याशिवाय चावीच्या घड्याळाच्या तरफेला हात लावायचा नाही.

तरफ जागेवर आणली, आणि गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. पण आम्ही घड्याळ टायमिंग मशीनवर ठेवलं. हे मशीन घड्याळाचा ठोका माइकने ऐकतं आणि रोजचा फरक तर सांगतंच, शिवाय चाकाचा झोका किती अंशांचा आहे तेही सांगतं. त्याला ॲम्प्लिट्यूड म्हणतात. चावी पूर्ण भरलेली आणि डायल वर असताना चांगल्या घड्याळाचा झोका २७० अंशांच्या आसपास असावा. आजोबांच्या घड्याळाचा होता २३०. चोवीस तासांनी तोच १८० वर आला. म्हणजे तेल सुकलं होतं. रोजचा फरक दहा सेकंद असूनही! वरवर वेळ चांगली दाखवणारं घड्याळ आतून कोरडं असू शकतं, आणि कोरडं चालत राहिलं तर धुरे झिजतात. धुरा झिजला की मग बदलायला भाग कुठून आणणार?

घड्याळ पूर्ण उघडून धुतलं, जिथे लागतं तिथे, जेवढं लागतं तेवढंच तेल दिलं. झोका २७५ वर गेला, चोवीस तासांनी २३५. मग आम्ही आजोबांना एक वही दिली आणि सांगितलं, रोज सकाळी आठला मोबाईलशी ताडून फरक लिहा, आणि त्यानंतरच चावी भरा. पहिल्या आठवड्याचे आकडे आम्हाला पाठ आहेत : ९ पुढे, ८ पुढे, १० पुढे, ९ पुढे, १२ पुढे, ८ पुढे, ९ पुढे. सगळ्यांत जास्त आणि सगळ्यांत कमी यांच्यात चारच सेकंदांचा फरक. एवढ्या जुन्या घड्याळाकडून याहून जास्त मागणं हा हावरेपणा झाला.

आता ही वही कशी ठेवायची ते सांगतो, कारण तुम्ही घरी करू शकता ती तपासणी हीच आहे. तुलना कशाशी करायची? मोबाईलमध्ये तारीख-वेळेच्या सेटिंगमध्ये ऑटोमॅटिक चालू ठेवा, ते पुरेसं आहे. टीव्हीवर विसंबू नका. डिजिटल प्रसारणाला काही सेकंदांचा उशीर असतो, आणि शेजारच्या दोन घरांत तोच सामना पुढेमागे ऐकू येतो तो त्यामुळेच. स्टेशनवरच्या घड्याळाकडे बघून सेकंद मोजणाऱ्यांना आम्ही हात जोडतो. एक सोपी युक्ती आहे. सेकंद दाखवणारं घड्याळ मोबाईलवर उघडा, मनगटी घड्याळ त्याच्या शेजारी ठेवा आणि दुसऱ्या मोबाईलने दोघांचा एकत्र फोटो काढा. फोटोत फरक शांतपणे वाचता येतो. चावी ओढली तरी काही जुन्या घड्याळांचा सेकंदकाटा थांबत नाही, त्यामुळे ते अगदी सेकंदाला लावता येत नाही. त्याची गरजही नाही. आज फरक १४ असेल आणि उद्या २३, तर घड्याळ ९ सेकंद पुढे गेलं, एवढं पुरतं.

चावीचं घड्याळ असेल तर रोज ठराविक वेळी बघा, सात दिवस. क्वार्ट्झला रोज बघण्यात अर्थ नाही, कारण रोजचा फरक अर्ध्या सेकंदाचा आणि तुमच्या नजरेची चूकही तेवढीच. एकदा लावा, तारीख लिहा, तीस दिवसांनी बघा.

ऑटोमॅटिकवाल्यांना एक जादा सूचना. घरून काम सुरू झाल्यापासून आमच्याकडे ऑटोमॅटिक घड्याळांच्या तक्रारी वाढल्या. घड्याळ तेच, पण लोकलची धावपळ गेली, जिना गेला, दिवसभर हात टेबलावर. ऑटोमॅटिकची चावी हाताच्या हालचालीने भरते. पूर्ण भरत नसेल तर झोका सारखा लहान, आणि वेळ लहरी. आधी बाहेरची चावी वीस-तीस वेळा फिरवून भरून बघा. सेकोच्या काही जुन्या मशीनना हाताने चावी देता येत नाही, ती आडवी धरून हळू हलवावी लागतात. भरल्यावर फरक स्थिर झाला तर घड्याळ चांगलं आहे, तुम्हीच जास्त बसता.

रात्री घड्याळ ठेवायच्या पद्धतीचाही उपयोग करून घेता येतो. आजोबांचं घड्याळ डायल वर ठेवून आडवं ठेवलं तर दिवसाला १४ च्या वेगाने पुढे जातं, आणि चावी खाली करून उभं ठेवलं तर २ च्या वेगाने. म्हणजे रात्रीचे आठ तास उभं ठेवलं तर आडव्याच्या तुलनेत चार सेकंद वाचले. प्रत्येक घड्याळाची ही खोड वेगळी असते, करून बघितल्याशिवाय कळत नाही. आमचे जुने घड्याळजी गिऱ्हाइकाला "रात्री खुंटीला टांगा" किंवा "उताणं ठेवा" असं सांगायचे, त्यामागे हेच होतं.

इथे एका ताईंनी हात वर केलाय. त्यांचं घड्याळ सेलचं आहे, रोज चार-पाच मिनिटं मागे पडतं, सेल बदलला तरी तसंच. छान प्रश्न आहे, कारण क्वार्ट्झच्या बाबतीत लोकांची समजूतच चुकलेली असते. स्फटिक असा मंदावत नाही. सेल कमजोर झाला तरी स्फटिक जवळपास त्याच वेगाने थरथरतो. तापमानाचा परिणामसुद्धा किती? तो साधारण २५ अंशांना सर्वांत जलद असतो, आणि तिथून दोन्ही बाजूंना मंदावतो. दहा अंश लांब गेलात तर रोज सुमारे ०.३ सेकंद. वीस अंश लांब गेलात, म्हणजे मे महिन्यात नागपुरात पंचेचाळीस अंशांत घड्याळ खिडकीत ठेवलं, तर चौपट, साधारण सव्वा सेकंद. आपल्याकडे भाईंदरला मनगटावर ते तीसच्या आसपास असतं, त्यामुळे हा भाग सोडून दिला तरी चालतो. मग मिनिटं कुठून जातात?

सर्किट टिचकी मारतं पण काटा सरकत नाही, तिथून. प्रत्येक चुकलेलं पाऊल म्हणजे एक पूर्ण सेकंद गेला, आणि तो परत मिळत नाही. ताईंचं घड्याळ रोज चार मिनिटं मागे पडतं म्हणजे मोटर दिवसाला २४० वेळा अडखळते. सेकंदकाटा नऊच्या आकड्याजवळ, म्हणजे ४५ सेकंदांच्या खुणेपाशी बघा. तिथे काट्याला स्वतःचं वजन वर उचलावं लागतं, सर्वांत जास्त जोर तिथेच लागतो. तो तिथे जागच्या जागी थरथरत असेल तर एकतर सेल कमजोर आहे किंवा चाकांत घाण, सुकलेलं तेल आहे, किंवा काटा कुठेतरी घासतोय. सेल नवा आहे म्हणता, तर उरलेली दोन कारणं. काही घड्याळांत काटा एकदम दोन किंवा चार सेकंदांनी उड्या मारतो, तो मात्र बिघाड नाही. सेल संपत आल्याचा तो इशारा आहे, आणि तेव्हा घड्याळ वेळ बरोबरच दाखवत असतं.

ताई, तुमच्या घड्याळात साधं मशीन असेल तर ते धुण्यापेक्षा बदलणं स्वस्त पडेल, आणि तसं सांगणारा दुकानदार तुम्हाला फसवत नाही. मशीन बदलतो हे वाक्य आजोबांच्या जनतासाठी चुकीचं होतं, तुमच्यासाठी बरोबर आहे. एवढंच बघा की आधी सेल नीट मोजून पाहिलाय, कारण दुकानात वर्षभर पडून राहिलेला "नवा" सेलही कमजोर निघतो. आणि हो, क्वार्ट्झ चुंबकाजवळ असेल तर थांबतं किंवा मागे पडतं, पण दूर नेलं की बहुधा आपोआप सुधारतं. चावीच्या घड्याळासारखं ते चुंबकत्व धरून बसत नाही. म्हणून घड्याळ रात्री मागे पडतं आणि दिवसा बरोबर चालतं असं दिसलं तर आधी उशाजवळचा स्पीकर हलवा.

तर मग काळजी कधी करायची? चावीच्या किंवा ऑटोमॅटिक घड्याळाने स्वतःची जुनी सवय सोडली की. वर्षभर १५ पुढे जाणारं घड्याळ एका आठवड्यात ५० पुढे गेलं तर तुलना त्याच्या पूर्वीच्या वागण्याशी करा. कंपनीच्या पुस्तिकेत ४५ लिहिलंय म्हणून ५० हा फार मोठा गुन्हा नाही, पण १५ वरून ५० ला उडी ही बातमी आहे. मिनिटांत पुढे जायला लागलं तर चुंबक, किंवा पडल्यामुळे स्प्रिंगची वेटोळी एकमेकांत अडकणं. चावी भरल्यावर पूर्वी दीड दिवस चालणारं घड्याळ बावीस तासांत थांबायला लागलं तर तेल सुकलंय, मग फरक कितीही कमी असो. क्वार्ट्झमध्ये महिन्याला अर्ध्या मिनिटाच्या वर जायला लागलं तर दाखवा, आणि दिवसाला मिनिटं जात असतील तर आजच दाखवा, कारण गळका सेल सर्किट खातो.

एका गोष्टीत मात्र सेकंद मोजत बसू नका. काचेखाली आतून बाष्प दिसलं तर घड्याळ अगदी बरोबर चालत असलं तरी त्याच दिवशी उघडून घ्या. आपल्या गावाला एका बाजूला खाडी, एका बाजूला समुद्र आणि मध्ये मिठागरं. जेसल पार्कला खाडीवर फिरायला जाणाऱ्यांची आणि उत्तनच्या मासेमारी करणाऱ्यांची घड्याळं आम्ही उघडतो तेव्हा झाकणाखालचं रबर कडक झालेलं असतं आणि चावीच्या दांड्यावर गंज असतो. खारट ओलावा आत गेला तर आठवडाभरात पोलादी भागांवर तांबूस ठिपके येतात. मग टायमिंग मशीनवर घड्याळ कसं दिसतं याला काही अर्थ उरत नाही. तांदळाच्या डब्यात घड्याळ ठेवून ओलावा काढायचा प्रयोग बरेच जण करतात. त्याने काच स्वच्छ दिसते, गंज मात्र आत तसाच राहतो, आणि लोक निर्धास्त होतात ते वेगळंच.

मागून एकांनी विचारलंय, घड्याळ पुढे ठेवावं की मागे? आम्ही चावीचं घड्याळ लावताना नेहमी थोडं पुढे जाईल असं लावतो. रोज दहा सेकंद पुढे म्हणजे आठवड्याला सव्वा मिनिटाच्या आत. दर रविवारी मागे करून घ्या. मागे पडणाऱ्या घड्याळाने आठ चाळीसची लोकल चुकते, पुढे जाणाऱ्याने फलाटावर एक मिनिट जास्त उभं राहावं लागतं.

आणि सर्व्हिसिंग किती वर्षांनी? रोज वापरात असलेल्या चावीच्या घड्याळाला साधारण पाच वर्षांनी आतून बघून घ्यावं, पण तारखेपेक्षा वहीकडे लक्ष द्या. आजोबांनी वही चालू ठेवली आहे. गेल्या महिन्यात ते आले, म्हणाले, "नऊचे सोळा झालेत, उघडायचं का?" आम्ही वही पाहिली. सोळा, पंधरा, सतरा, सोळा, पंधरा. सगळे आकडे एकमेकांना धरून. होकायंत्र लावला, सुई हलली नाही. झोका २६० होता. विचारलं, रात्री कसं ठेवता? थंडीत ते उभं ठेवत होते, आता पावसामुळे कपाटात आडवं ठेवतात. पण त्याने फार तर चार सेकंद जातील, उरलेले तीन कुठून आले ते पुढच्या महिन्याची वही बघून ठरवू. घड्याळ न उघडता त्यांना परत दिलं.